आकडे आधी, आजाराचं नाव शेवटी

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षातल्या कुठल्याही मुलाची मेडिसिनची वही घ्या आणि आम्ल-अल्कली समतोलाचं लेक्चर उघडा. पहिल्या पानावर बफर म्हणजे काय ते असतं. मग हेंडरसन-हॅसलबाल्खचं समीकरण, मग मूत्रपिंडाच्या नलिकेचं बाणांनी भरलेलं चित्र. त्यानंतर मेटॅबॉलिक ॲसिडोसिस हे शीर्षक, खाली व्याख्या, कारणं, लक्षणं, तपासण्या, उपचार. मग मेटॅबॉलिक अल्कलोसिस, पुन्हा व्याख्या, कारणं, लक्षणं. असं चार वेळा. सोडियम-पोटॅशियमचं लेक्चर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मॅडमनी घेतलेलं असल्यामुळे ते वहीच्या दुसऱ्या टोकाला, आणि बऱ्याचदा वेगळ्याच वहीत.

यात चुकीचं काही नसतं. अडचण अशी की पेपरात प्रश्न या क्रमाने येत नाही. तिथे लिहिलेलं असतं, बावीस वर्षांचा तरुण, दोन दिवस उलट्या, श्वास जोरात चालू आहे, आणि खाली सहा-सात आकडे. आजाराचं नाव नेमकं लपवलेलं असतं, आणि वही तर आजाराच्या नावावरूनच लावलेली आहे. नीट पीजीला दोनशे प्रश्न आणि साडेतीन तास, म्हणजे प्रश्नामागे मिनिटभर. तेवढ्या वेळात चारही शीर्षकांखालच्या याद्या मनातल्या मनात चाळून कुठली जुळते ते बघणं जमत नाही. मग मुलं अंदाज मारतात, आणि निगेटिव्ह मार्किंगमध्ये अंदाज महाग पडतो.

मी मेडिसिन शिकवतो. परीक्षा महिन्यावर आली की वह्या घेऊन दारात उभं राहणारी मुलं दरवर्षी असतात. त्यांना मी एकच काम सांगतो. सगळं एका पानावर उलट्या क्रमाने लिहा. आधी आकडा, मग त्या आकड्याला विचारायचा प्रश्न, मग पुढचा प्रश्न, आणि कारणांची यादी अगदी शेवटी. सोबत सोडवलेली उदाहरणं हवीत, पण दहा वेगवेगळे रुग्ण नकोत. एकच रुग्ण घ्या आणि त्याचे आकडे बदलत जा. हे पान कसं तयार होतं ते इथे सविस्तर सांगतो. डॉक्टर नसलेल्या वाचकालाही ते कळायला हरकत नाही, कारण गणित बेरीज-वजाबाकीपलीकडे जात नाही.

आधी तीन आकड्यांची ओळख. पहिला पीएच, म्हणजे रक्त किती आम्लधर्मी आहे त्याचं माप. निरोगी माणसात तो ७.३५ ते ७.४५ असतो. त्याखाली गेला तर रक्त आम्लाकडे झुकलं, वर गेला तर अल्कलीकडे. दुसरा आकडा धमनीच्या रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब, ३५ ते ४५ मिलिमीटर. हा वायू आम्लासारखा वागतो आणि त्याचा ताबा फुप्फुसांकडे असतो; श्वास जोरात घेतला की तो काही मिनिटांत उतरतो. तिसरा बायकार्बोनेट, लिटरला २२ ते २६ मिलिमोल. हा अल्कलीचा साठा. तो मूत्रपिंडं सांभाळतात आणि ती सावकाश, दिवसांच्या हिशेबाने काम करतात. पहिला आकडा हा दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या गुणोत्तरातून निघतो, आणि सगळी गंमत त्या गुणोत्तरात आहे.

आता आपला रुग्ण. बावीस वर्षांचा मुलगा, टाइप वन मधुमेह, परगावी लग्नाला गेला आणि इन्सुलिन घरी राहिलं. दोन दिवसांनी पोट दुखतंय, तहान थांबत नाही, श्वास खोल आणि भरभर. रिपोर्ट असा: पीएच ७.२२, कार्बन डायऑक्साइड २०, बायकार्बोनेट ८, सोडियम १३२, क्लोराइड ९६, पोटॅशियम ५.४, साखर ४६०.

पानावरचा पहिला प्रश्न पीएचचा. ७.२२, म्हणजे रक्त आम्लाकडे. दुसरा प्रश्न असा की ही दिशा कोणामुळे? बायकार्बोनेट कमी झालं की रक्त आम्लधर्मी होतं. कार्बन डायऑक्साइड कमी झाला की उलट होतं. इथे दोन्ही कमी आहेत. पण पीएच ज्या दिशेला गेला ती दिशा फक्त बायकार्बोनेटशी जुळते. म्हणून मूळ बिघाड बायकार्बोनेटचा, म्हणजे मेटॅबॉलिक ॲसिडोसिस, आणि कार्बन डायऑक्साइडचं उतरणं हे शरीराने दिलेलं प्रत्युत्तर. तो खोल श्वास याचसाठी चालला आहे.

हे दोन प्रश्न इतके सरळ वाटतात की मुलं ते गाळून थेट बायकार्बोनेटकडे जातात. कार्बन डायऑक्साइड आणि पीएच न बघता नुसतं बायकार्बोनेट वाचलं की काय होतं, ते १९५२ साली कोपनहेगनमध्ये दिसलं. पोलिओची भयंकर साथ आली होती. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण येत होते. पहिल्या काही आठवड्यांत श्वासयंत्रावर ठेवलेल्या ३१ जणांपैकी २७ जण दगावले. प्रयोगशाळा रक्तातलं एकूण कार्बन डायऑक्साइड मोजत असे, ज्यात बहुतांश वाटा बायकार्बोनेटचा असतो, आणि ते खूप वाढलेलं येत होतं. डॉक्टरांनी त्याचा अर्थ अल्कलोसिस असा लावला. हा कुठला गूढ अल्कलोसिस आहे अशी चर्चा चालली होती. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने सांगितलं की हा अल्कलोसिस नाहीच, रुग्णांना श्वास पुरत नाही, वायू आत साठतोय आणि त्याला उत्तर म्हणून बायकार्बोनेट वाढलंय. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन, तिथून नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला गेला आणि ती सुधारली. मग शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. रक्ताचा पीएच आणि कार्बन डायऑक्साइड पटकन मोजायची पद्धत पोल आस्ट्रप यांनी याच साथीच्या रेट्यातून बसवली. आज आपल्या आयसीयूत जो एबीजीचा कागद निघतो त्याचं मूळ तिथे आहे.

पानावर परत येऊ. तिसरा प्रश्न मला सगळ्यांत जास्त आवडतो, आणि वहीत तो एखाद्या कोपऱ्यात चौकटीत पडलेला असतो. प्रत्युत्तर पुरेसं आहे का? मेटॅबॉलिक ॲसिडोसिसमध्ये कार्बन डायऑक्साइड किती असायला हवा याचा अंदाज बायकार्बोनेटवरून बांधता येतो. बायकार्बोनेटची दीडपट करा, त्यात ८ मिळवा. दोन इकडे-तिकडे चालतात. १९६७ मध्ये रॉबर्ट विंटर्स आणि सहकाऱ्यांनी हे सूत्र दिलं, म्हणून विंटर्सचं सूत्र. आपल्या मुलाचं बायकार्बोनेट ८. दीडपट १२, अधिक ८, झाले २०. रिपोर्टात कार्बन डायऑक्साइड २०च आहे. म्हणजे फुप्फुसं आपलं काम चोख करताहेत आणि श्वसनाचा वेगळा बिघाड नाही.

आता याच मुलाचा एक आकडा बदलू. कार्बन डायऑक्साइड २० ऐवजी ३० करा, बायकार्बोनेट तेच ८. पीएच ७.०५ होतो. इथे मी वर्गात विचारतो, श्वसनाचं काय म्हणणं आहे? निम्मा वर्ग म्हणतो, सर, तीस म्हणजे पस्तीसच्या खाली, कमीच आहे, म्हणजे कॉम्पेन्सेशन चालू आहे. छापील नॉर्मलशी तुलना केली तर उत्तर तेच येणार. पण या रक्तात तो वीस असायला हवा होता. तीस म्हणजे दहाने जास्त. मुलगा दमत चालला आहे, छातीचे स्नायू हार मानताहेत. बायकार्बोनेट ८ असताना कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४० आला, म्हणजे छापील नॉर्मलमध्ये बसला, तर तो रुग्ण पुढच्या तासाभरात नळी घालायच्या अवस्थेला येऊ शकतो. आजारी माणसाचा आकडा निरोगी माणसाच्या आकड्याशी ताडायचा नसतो. त्या आजारात तो किती असायला हवा होता, त्याच्याशी ताडायचा. वहीत हे वाक्य कुठे नसतं, कारण व्याख्या-कारणं-लक्षणं या चौकटीत त्याला जागाच नाही. पानावर मात्र तिसऱ्या पायरीसमोर 'असायला हवा' आणि 'आहे' असे दोन रिकामे रकाने ठेवावे लागतात, आणि ते भरताना आपोआप दिसतं.

चौथा प्रश्न ॲनायन गॅपचा. रक्तात धन भार आणि ऋण भार सारखेच असतात, नेहमी. पण आपण सगळे भार मोजत नाही. धन बाजूला सोडियम, ऋण बाजूला क्लोराइड आणि बायकार्बोनेट, एवढेच हिशेबात घेतो. घरखर्चाच्या वहीत दूध, किराणा, वीज लिहून झाल्यावर जमा आणि खर्च यांत जो फरक उरतो तो आपण किरकोळ म्हणून टाकतो, तसा हा फरक. निरोगी माणसात तो १२च्या आसपास असतो. नव्या यंत्रांवर थोडा कमी, म्हणून आपल्या प्रयोगशाळेचा नॉर्मल विचारून पानावर लिहून ठेवावा. हा किरकोळ अचानक वाढला तर समजायचं की न मोजलेलं काहीतरी आम्ल रक्तात शिरलंय.

आपला मुलगा: १३२ मधून ९६ आणि ८ वजा, उरले २८. नॉर्मलपेक्षा १६ जास्त. आता कुठे कारणांची यादी उघडायची. मुलं मडपाइल्स नावाचं आद्याक्षरांचं कोडं पाठ करतात. ते पाठ असायला हरकत नाही, पण आपल्या वॉर्डात त्यातल्या चारच गोष्टी वारंवार भेटतात. कीटोन, लॅक्टेट, निकामी मूत्रपिंडं आणि विष. विषात मिथेनॉल विसरायचं नाही; २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला गावठी दारूने शंभरावर माणसं गेली ती मिथेनॉलमुळेच. आपल्या मुलाची साखर ४६०, इन्सुलिन बंद. कीटोन तपासले की निदान पक्कं.

पाचवी पायरी बहुतेक मुलं सोडून देतात. गॅप जेवढा वाढला तेवढंच बायकार्बोनेट उतरलं का? न मोजलेल्या आम्लाचा एक कण आला की बायकार्बोनेटचा साधारण एक कण खर्ची पडतो. इथे गॅप १६ ने वाढला, बायकार्बोनेट २४ वरून ८ वर आलं, म्हणजे १६ ने उतरलं. हिशेब जुळला, बिघाड एकच आहे. हेच सोप्या रीतीने करायचं तर आजच्या बायकार्बोनेटमध्ये गॅपची वाढ मिळवायची. ८ आणि १६, झाले २४. आम्ल येण्याआधी या माणसाचं बायकार्बोनेट किती होतं, त्याचा हा अंदाज. चोवीसच्या आसपास आलं तर ठीक. बरंच जास्त आलं तर आधीच अल्कलोसिस दडलेला, बरंच कमी आलं तर गॅप न वाढवणारा आणखी एक ॲसिडोसिस सोबत आहे.

ही पायरी पाठ करायची कशाला, असं मुलं विचारतात. उत्तर म्हणून तिसरं उदाहरण. मुलगा तोच, पण या वेळी तीन दिवस सारख्या उलट्या. रिपोर्ट: पीएच ७.३९, कार्बन डायऑक्साइड ३७, बायकार्बोनेट २२, सोडियम १३४, क्लोराइड ८४, पोटॅशियम ३.०, साखर ४६०.

पहिले तीन आकडे पुन्हा वाचा. तिन्ही नॉर्मल. जुन्या वहीच्या क्रमाने चालणारा विद्यार्थी इथेच थांबतो, कारण चारही शीर्षकांपैकी एकही लागू होत नाही. एबीजी नॉर्मल, साखर वाढली आहे, इन्सुलिन द्या, पुढचा प्रश्न. म्हणून पानावर चौथ्या पायरीसमोर लाल शाईत लिहायचं, पीएच काहीही असो, गॅप काढायचाच. १३४ वजा ८४ वजा २२, उरले २८. नॉर्मल पीएच असलेल्या रक्तात गॅप २८. कीटोन जेवढे पहिल्या उदाहरणात होते तेवढेच इथेही आहेत. मग बायकार्बोनेट पडलं कसं नाही? पाचवी पायरी: २२ आणि १६, झाले ३८. कीटोन आले नसते तर या मुलाचं बायकार्बोनेट ३८ असतं, म्हणजे चांगलाच अल्कलोसिस. तीन दिवसांच्या उलट्यांमधून पोटातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड बाहेर गेलं. आम्ल गेलं म्हणून बायकार्बोनेट चढलं, क्लोराइड गेलं म्हणून ते ८४ वर आलं. एकीकडून कीटोनांनी बायकार्बोनेट खाली ओढलं, दुसरीकडून उलट्यांनी वर, आणि रस्सीखेच बरोबर मधोमध थांबली. दोन गंभीर बिघाड, आणि रिपोर्ट निरोगी माणसाचा. पुस्तकांत याला डायबेटिक कीटोअल्कलोसिस म्हणतात.

आणि इथे पोटॅशियमचं पान या पानाला येऊन मिळतं. वेगळ्या वहीत ते का असू नये याचं हे कारण. इन्सुलिनच्या अभावात आणि लघवीवाटे शरीरातलं पोटॅशियम भरपूर जातं. किलोला ३ ते ५ मिलिमोल तूट धरतात. पण इन्सुलिन नसल्यामुळे पेशींतलं पोटॅशियम रक्तात येऊन थांबतं, म्हणून पहिल्या उदाहरणात रक्तात ते ५.४ दिसलं, आतून घर रिकामं असतानाही. इन्सुलिन दिलं की पोटॅशियम धावत पेशींत परततं आणि रक्तातलं झपाट्याने उतरतं. ५.४ वरून उतरायला वाव आहे. लघवी होते आहे याची खात्री करून सलाइनमध्ये पोटॅशियम मिसळायला वेळ मिळतो. तिसऱ्या उदाहरणात मात्र सुरुवातच ३.० पासून. उलट्या आणि अल्कलोसिस यांनी ते आधीच खाली नेलं आहे. या मुलाला आल्या-आल्या इन्सुलिन दिलं तर पोटॅशियम अडीचच्या खाली जाऊन हृदयाचा ठोका बिघडू शकतो. म्हणून नियम असा की पोटॅशियम ३.५ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम, मग इन्सुलिन. जुन्या पुस्तकांत हा आकडा ३.३ आहे. दोन्हींपैकी कुठलाही धरला तरी आपल्या मुलाला इन्सुलिनसाठी थांबावं लागणार. परीक्षेत या प्रश्नाचे चार पर्याय असतात, त्यात 'इन्सुलिन ताबडतोब' हा पर्याय फार आकर्षक जागी ठेवलेला असतो.

सोडियमही याच पानावर एका ओळीत बसतं. साखर पाणी खेचून रक्तात आणते, त्यामुळे सोडियम पातळ होऊन कमी दिसतं. साखर शंभराच्या वर जितके शेकडे, तितक्या पटीने १.६ मिळवायचं. साखर ४६०, म्हणजे साडेतीन शेकड्यांहून थोडी जास्त. सुमारे ६ मिळवले की १३२ चं १३८ होतं, म्हणजे खरं तर नॉर्मल. हा दुरुस्त केलेला आकडा गॅप काढताना मात्र वापरायचा नाही. तिथे मोजलेलं १३२च घ्यायचं, कारण क्लोराइड आणि बायकार्बोनेटही त्याच पाण्याने पातळ झालेले आहेत. खुद्द सोडियम कमी होण्याच्या आजारांची पायऱ्यांची वाट वेगळी आहे, ती वेगळ्या पानावर. सगळं एकाच कागदात कोंबलं की कागद पुन्हा वही होतो.

उदाहरणं कशी लिहायची यावर थोडं. मुलं साधारणपणे दोन टोकांना असतात. काही जण नुसत्या सोडवलेल्या केसेस वाचत जातात आणि सगळं कळलं असं त्यांना वाटतं. काही जण पहिल्या दिवसापासून प्रश्नपेढी घेऊन बसतात आणि उत्तर चुकलं की खालचं स्पष्टीकरण वाचून पुढे जातात. ऑस्ट्रेलियात जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात बीजगणित शिकणाऱ्या मुलांवर प्रयोग केले. नवशिक्या मुलाला गणितं स्वतः सोडवायला लावण्यापेक्षा पायरी-पायरीने सोडवलेली गणितं अभ्यासायला दिली, तर तशाच पुढच्या गणितांत तो कमी वेळ घेतो आणि कमी चुकतो, असं दिसलं. पुढच्या संशोधनात त्याची मर्यादाही दिसली, विषय हाती आल्यावर सोडवलेली उदाहरणं उपयोगाची राहत नाहीत, उलट आड येतात. म्हणून आमच्या पानामागचं पहिलं उदाहरण पाचही पायऱ्यांसह पूर्ण लिहिलेलं असतं. दुसऱ्यात पाचवी पायरी कोरी ठेवतो. तिसऱ्यात चौथी आणि पाचवी. शेवटच्यात फक्त आकडे. उत्तरं पानाच्या घडीखाली.

आणि रुग्ण एकच ठेवण्याचं कारण आता लक्षात आलं असेल. दहा वेगळे रुग्ण घेतले तर मुलं गोष्टी लक्षात ठेवतात. दारुड्या म्हातारा म्हणजे लॅक्टेट, उलट्या म्हणजे अल्कलोसिस. गोष्ट तीच ठेवून एकच आकडा हलवला तर नजर त्या आकड्यावर आणि ज्या पायरीने तो पकडला तिच्यावर राहते.

पानाच्या अगदी वर, पहिल्या पायरीच्याही आधी, एक शून्यावी पायरी आहे, ती मी उशिरा सांगतो, कारण आधी सांगितली की मुलं घाबरतात. हे तीन आकडे एकमेकांशी जुळतात का? कार्बन डायऑक्साइडला २४ ने गुणा, बायकार्बोनेटने भागा. येईल ती हायड्रोजन आयनांची संख्या, नॅनोमोलमध्ये. पीएच ७.४० ला ती ४० असते. ७.२ ते ७.५ च्या दरम्यान, पीएचमधले दशांशानंतरचे दोन आकडे ८० मधून वजा केले की जवळपास तीच संख्या मिळते. आपला पहिला रिपोर्ट: २४ गुणिले २०, भागिले ८, झाले ६०. पीएच ७.२२, ८० वजा २२, झाले ५८. जुळलं. ७.०५ ला ही युक्ती चालत नाही. तिथे ७५ येतात आणि खरी संख्या ९० च्या घरात असते. आकडे मुळीच जुळत नसतील तर कोणीतरी ते उतरवताना चुकलं आहे. नमुना घेतानाच चूक झाली असेल, तर ही बेरीज ती पकडत नाही. सिरिंजमध्ये द्रव हेपॅरिन जास्त उरलं की रक्त पातळ होऊन कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट दोन्ही खोटे कमी येतात. सलाइन चालू असलेल्या हाताच्या वरच्या भागातून रक्त काढलं की क्लोराइड खोटं चढतं. रक्तपेशी फुटल्या की पोटॅशियम खोटं चढतं. पेपरात हे सहसा येत नाही. वॉर्डात रोज येतं.

आणखी एक बारीक अट गॅपच्या रकान्यात. त्या 'किरकोळ'मध्ये निरोगीपणी मोठा वाटा अल्ब्युमिन या प्रथिनाचा असतो. अल्ब्युमिन कमी असलेल्या माणसात, म्हणजे यकृताचे रुग्ण, कुपोषित, आयसीयूत आठवडाभर पडून असलेले, गॅपचा नॉर्मलच खाली सरकतो. ४ च्या खाली अल्ब्युमिन एक ग्रॅमने उतरलं की गॅपमध्ये अडीच मिळवायचे. अल्ब्युमिन २ आणि गॅप १४ असेल तर खरा गॅप १९. वर्गात हे उदाहरण दिलं की कोणीतरी हमखास विचारतं, सर, अल्ब्युमिन दिलंच नसेल तर? तर ते ४ धरायचं आणि पुढे जायचं; ज्याला ते विचारायचं असतं तो परीक्षक अल्ब्युमिन देतोच.

शेवटचं उदाहरण याच मुलाच्या दुसऱ्या दिवशीचं. रात्रभर इन्सुलिन आणि सलाइनच्या बाटल्या गेल्या आहेत. मुलगा चहा मागतोय. रिपोर्ट: पीएच ७.३२, कार्बन डायऑक्साइड ३०, बायकार्बोनेट १५, सोडियम १४०, क्लोराइड ११५. घरचे नातेवाईक आणि नवा इंटर्न दोघेही बायकार्बोनेटकडे बघून चिंतेत, अजून ॲसिडोसिस आहेच, म्हणजे आजार गेला नाही, इन्सुलिनचा वेग वाढवू का?

पायऱ्यांनी चालू. पीएच थोडा कमी, कारण बायकार्बोनेट कमी. असायला हवा तो कार्बन डायऑक्साइड: पंधराची दीडपट साडेबावीस, अधिक ८, साधारण ३०, आहे तेवढाच. गॅप: १४० वजा ११५ वजा १५, झाले १०. गॅप मिटला. म्हणजे कीटोन संपले. मग बायकार्बोनेट चढलं का नाही? आजारपणात बरेचसे कीटोन लघवीवाटे निघून गेले. ते शरीरात राहिले असते तर इन्सुलिन मिळाल्यावर त्यांचं परत बायकार्बोनेट झालं असतं. गेले तसा तो कच्चा मालही गेला. त्यात सलाइनच्या लिटरमध्ये १५४ मिलिमोल क्लोराइड असतं, रक्तातल्यापेक्षा दीडपट. त्याने जागा भरली. हा गॅप न वाढवणारा ॲसिडोसिस आहे, उपचारांतून आलेला. मूत्रपिंडं धडधाकट असतील तर ती बायकार्बोनेट पुन्हा तयार करतात आणि दिवस-दोन दिवसांत तो आपोआप ओसरतो. इन्सुलिन वाढवायचं कारण नाही. मुलाला खाता येत असेल तर त्वचेखालचं इन्सुलिन सुरू करायचं, आणि शिरेतलं त्यानंतर दीड-दोन तासांनीच बंद करायचं, त्याआधी नाही.